फवारणीतून होणारी विषबाधा : हंगामाआधीची रक्ततपासणी आणि परिचारिकेची नजर

फवारणी करून आल्यावर डोके जड होणे, मळमळणे, डोळ्यांतून पाणी येणे हे अनेक शेतकऱ्यांना नवे नाही. उन्हामुळे झाले असेल, उपाशीपोटी काम केले म्हणून झाले असेल, असे म्हणून आपण लिंबूपाणी घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो. पण हीच लक्षणे कीटकनाशकाच्या बाधेची पहिली पायरी असू शकतात. ती वेळेत ओळखली, तर चार-सहा आठवडे फवारणी थांबवून माणूस पूर्ण बरा होतो. ओळखली नाही, तर त्याच शरीरावर पुढची फवारणी जिवावर बेतू शकते.

ही बाधा लक्षणे दिसण्याआधी रक्तात दिसते. ती तिथे शोधण्याची पद्धत कीटकनाशकांच्या कारखान्यांत अनेक वर्षांपासून आहे. शेतात मात्र ती पोहोचलेली नाही. ती आपल्या गावाच्या उपकेंद्रात कशी वापरता येईल, त्यात परिचारिकेने म्हणजे आरोग्य सेविकेने काय पाहायचे आणि शेतकऱ्याने तिला काय सांगायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

यवतमाळमध्ये 2017 साली काय घडले?

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. यातील बहुतेकांनी विष प्यायले नव्हते. ते फवारणीचे काम करत होते आणि औषध त्यांच्या कातडीतून व श्वासातून अंगात गेले होते. या घटनेनंतर राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर 2017 मध्ये यवतमाळसह विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रीनचे मिश्रण आणि फिप्रोनील व इमिडाक्लोप्रीडचे मिश्रण यांचा समावेश होता.

त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या. कपाशी माणसाच्या छातीच्या वर वाढली होती, त्यामुळे नोझल वर धरावे लागे आणि तुषार थेट चेहऱ्यावर येत. जास्त दाबाच्या पंपांमुळे तुषार बारीक होऊन हवेत रेंगाळत. दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली जात होती. उकाड्यामुळे घाम येत होता, अंगावर साधा सदरा होता आणि काही मजूर रोज वेगवेगळ्या शेतांत सलग फवारणी करत होते. शेतकरी लक्षात ठेवतो ती शेवटची फवारणी, पण शरीरात आधीच्या फवारण्यांचा हिशेबही साठलेला असतो. तोच हिशेब रक्ततपासणी दाखवते.

शरीरात नेमके काय बिघडते?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही औषधे ऑर्गनोफॉस्फरस गटातील आहेत. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना हुकूम देतात तो एका रसायनामार्फत. काम झाले की कोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, हे रसायन लगेच मोडून टाकते आणि हुकूम थांबतो. ऑर्गनोफॉस्फरस औषध या विकरालाच निकामी करते. मग हुकूम थांबत नाही. ग्रंथी पाझरत राहतात, म्हणून घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी येते. आतडी पिळवटतात, म्हणून मळमळ, उलटी, जुलाब होतात. फुफ्फुसांत पाणी साठते, म्हणून छातीत घरघर होते. स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून लुळे पडतात.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, विकराचा बराच साठा निकामी होईपर्यंत माणसाला फारसे काही जाणवत नाही. निम्मा साठा गेला तरी तो कामावर उभा असू शकतो. दुसरी म्हणजे, हा साठा सावकाश भरून येतो. रक्तातील पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात असलेले विकर काही आठवड्यांत पूर्ववत होते. तांबड्या पेशींतील विकर मात्र दिवसाला साधारण एक टक्का या गतीने भरते. म्हणून दर आठ दिवसांनी फवारणी करणाऱ्याचा साठा प्रत्येक वेळी थोडा आणखी खाली जातो, आणि एके दिवशी नेहमीचीच फवारणी त्याला झेपत नाही. "इतकी वर्षे मारतोय, कधी काही झाले नाही," असे म्हणणारा शेतकरी अचानक कोसळतो त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

कारखान्यात तपासणी आहे, शेतात का नाही?

कीटकनाशके नियम, 1971 मधील नियम 37 प्रमाणे कीटकनाशक बनवणाऱ्या किंवा भरणाऱ्या कारखान्यातील कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर किमान दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटाचे औषध हाताळले जात असेल, तर रक्तातील कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावे लागते. व्यावसायिक फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी वर्षातून किमान एकदा करायची असते.

स्वतःच्या शेतात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र कोणी मालक नसतो. त्यामुळे त्याची तपासणी करून घेणारा आणि तिची नोंद ठेवणाराही कोणी नसतो. बंद खोलीत हातमोजे घालून औषध भरणाऱ्याचे रक्त दर महिन्याला तपासले जाते. तेच औषध उघड्या हाताने बादलीत कालवून दिवसभर अंगावर घेणाऱ्याचे एकदाही तपासले जात नाही.

ठाणे जिल्ह्यात हा फरक एकाच माणसाच्या आयुष्यात दिसू शकतो. ठाणे पूर्वेच्या कोपरीत किंवा कल्याण-डोंबिवलीत राहायचे, आठवडाभर औद्योगिक वसाहतीत पाळी करायची आणि सुट्टीला शहापूर, मुरबाडकडच्या गावी जाऊन भाजीवर फवारणी करायची, अशी कुटुंबे या पट्ट्यात आहेत. अशा माणसाची बाधा कुठून आली हे ओळखायचे, तर कारखान्यातील परिचारिकेला शेत माहीत हवे आणि गावच्या आरोग्य सेविकेला कारखाना.

पायाभूत नोंद म्हणजे काय?

कोलिनेस्टरेजचे प्रमाण माणसागणिक खूप वेगळे असते. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालावर छापलेली 'सामान्य' मर्यादा फार रुंद असते. एखाद्या प्रयोगशाळेत ती 5,000 ते 12,000 युनिट प्रति लिटर अशी असू शकते. ज्याची स्वतःची पातळी 11,000 आहे त्याची ती 6,000 वर आली, तर त्याने जवळपास निम्मा साठा गमावलेला असतो. अहवालावर मात्र 'सामान्य' असेच लिहून येते.

म्हणून माणसाची तुलना छापील मर्यादेशी न करता त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी करायची. या पहिल्या आकड्याला पायाभूत नोंद म्हणतात. ती घेताना पुढील काळजी घ्यावी :

- तपासणीआधी किमान 30 दिवस ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट औषधाशी संबंध आलेला नसावा. भात-भाजीच्या पट्ट्यात भातकापणीनंतर, भाजीची पहिली फवारणी सुरू होण्याआधीचा काळ यासाठी सोयीचा असतो. कपाशी पट्ट्यात मे महिना चांगला.
- पुढच्या सर्व तपासण्या त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने कराव्यात. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.
- प्लाझ्माची तपासणी केली की तांबड्या पेशींची, हे वहीत लिहावे. प्लाझ्माची तपासणी बहुतेक खाजगी प्रयोगशाळांत 'सीरम कोलिनेस्टरेज' या नावाने होते.
- रक्त घेण्याआधी दंड साबण-पाण्याने धुवावा. कातडीवर औषधाचा अंश असेल तर नमुना बिघडतो.
- यकृताचा आजार, गरोदरपण किंवा कुपोषण असेल तर प्लाझ्माचा आकडा मुळातच कमी येतो. तशी नोंद शेजारी करावी.

आकडा किती घसरला की काय करायचे?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शेतात औषध हाताळणाऱ्या मजुरांसाठी ही तपासणी कायद्याने ठरवून दिली आहे. तिथले टप्पे सोपे आहेत आणि आपल्याकडेही ते डोळ्यांपुढे ठेवता येतात. आकडा पायाभूत नोंदीच्या 80 टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आला, तर काम करण्याची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींचा आकडा 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्माचा 60 टक्क्यांवर आला, तर त्या माणसाला औषधाच्या कामातून पूर्ण बाजूला करायचे. दोन्ही आकडे पुन्हा 80 टक्क्यांवर आल्याशिवाय त्याच्या हातात पंप द्यायचा नाही.

एक उदाहरण आकड्यांसह

पद्धत समजावी म्हणून हे उदाहरण रचले आहे. कोपरीत राहणारा एक कामगार कीटकनाशक भरणाऱ्या कारखान्यात लागला. कामावर घेताना त्याचे प्लाझ्मा कोलिनेस्टरेज 10,500 होते. पहिल्या महिन्यात 10,200 आले. जानेवारीत 8,900 आले, म्हणजे पायाभूत नोंदीच्या 85 टक्के. फेब्रुवारीत 8,100 आले, म्हणजे 77 टक्के. प्रयोगशाळेची मर्यादा 5,000 ते 12,000 असल्याने चारही अहवालांवर 'सामान्य' असेच छापले होते.

कारखान्याच्या परिचारिकेने चारही आकडे एका ओळीत लिहिले तेव्हा उतार दिसला. पण त्याच टेबलावर काम करणाऱ्या इतर तिघांचे आकडे स्थिर होते. भरणीची जागा, हवा ओढणारा पंखा, हातमोजे यांत काही बदल झाला नव्हता. म्हणजे कारण कारखान्यात असण्याची शक्यता कमी होती. तिने विचारले, "दादा, सुट्टीला काय करता?" तो म्हणाला, "गावी जातो. शहापूरला भेंडी आहे, तुडतुड्यावर मारायला लागतं."

तिने पुढे चार प्रश्न विचारले. कोणते औषध? तर ऑर्गनोफॉस्फरस गटाचे. कधीपासून? तर डिसेंबरअखेरपासून, जवळपास दर रविवारी. पंप कसा आहे? तर जुना, झाकणाचा वायसर गेलेला, चालताना पाठीवर गळणारा. आणि फवारणीनंतर आंघोळ कधी? तर रात्री, ठाण्याला परत आल्यावर. म्हणजे औषधाने भिजलेला सदरा पाच-सहा तास त्याच्या पाठीला चिकटून राहत होता. घामाने ओली कातडी औषध लवकर शोषते, आणि ओला कपडा अंगावर लावलेल्या पोटिसासारखे काम करतो.

फेब्रुवारीचा अहवाल हाती येईपर्यंत त्याच्या आणखी दोन फवारण्या झाल्या होत्या. परिचारिकेने तो डॉक्टरांना दाखवून तपासणी पुन्हा करवली. आकडा 6,200 आला, म्हणजे 59 टक्के. आता विचारल्यावर त्याने सांगितले की सोमवारी डोके दुखते, नजर धूसर होते आणि तोंडाला पाणी सुटते. त्याने ते प्रवास आणि जागरणावर ढकलले होते.

डॉक्टरांनी त्याला कारखान्यात औषध नसलेल्या विभागात काम दिले. शेतातली फवारणीही बंद करायला सांगितली. चार आठवड्यांनी 7,600 म्हणजे 72 टक्के आणि पुढच्या तपासणीत 8,600 म्हणजे 82 टक्के आकडा आला, तेव्हा तो मूळ कामावर परतला. या सगळ्यात एकही सलाईन लागले नाही. नुसते कारखान्यातून बाजूला केले असते आणि शेताबद्दल विचारलेच नसते, तर रविवारची घसरण चालूच राहिली असती.

उपकेंद्रात परिचारिकेने काय पाहावे?

गावच्या उपकेंद्रात रक्ततपासणी लगेच होत नाही. समोर माणूस येतो तो "चक्कर येतेय" म्हणत. ही उन्हाची बाधा की औषधाची, हे ठरवण्यासाठी पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट डोळ्याची बाहुली. रुग्णाला सावलीत बसवून दोन मिनिटांनी पाहावे, कारण उन्हात कोणाचीही बाहुली लहान होते. सावलीतही ती टाचणीच्या टोकाएवढी असेल तर औषधाची बाधा धरून चालावे. शेजारी त्याच्यासोबतच्या माणसाचे डोळे पाहिले की फरक लगेच कळतो.

दुसरी गोष्ट तोंड. उन्हाच्या बाधेत तोंड कोरडे पडते, तहान लागते. औषधाच्या बाधेत लाळ सुटते, रुग्ण वारंवार थुंकतो.

तिसरी गोष्ट नाडी. उन्हाच्या बाधेत ती जलद चालते. औषधाच्या बाधेत ती मंद असू शकते. मात्र काही रुग्णांत तीही जलद असते, त्यामुळे नाडी जलद आहे एवढ्यावरून औषधाची बाधा नाही असे ठरवू नये.

चौथी गोष्ट स्नायू. पापण्या, गाल, दंड किंवा पोटरीचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडताना दिसतात का ते पाहावे. उन्हामुळे पेटके येतात, पण अशी बारीक फडफड होत नाही.

पाचवी गोष्ट छाती. स्टेथोस्कोपने दोन्ही बाजू ऐकाव्यात. घरघर किंवा बुडबुड्यांसारखा आवाज असेल तर वेळ दवडू नये. रुग्णाला ताबडतोब हलवावे.

यातील एकच खूण पाहून निर्णय घेऊ नये. मागील दोन दिवसांत फवारणी, औषध कालवणे किंवा फवारलेल्या शेतात निंदणी झाली असेल आणि या पाचपैकी दोन खुणा दिसत असतील, तर रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. घरघर किंवा स्नायूंची फडफड यांपैकी एक खूण एकटी दिसली तरी पाठवावे.

सगळी औषधे सारखी नसतात

कोलिनेस्टरेजची तपासणी फक्त ऑर्गनोफॉस्फरस आणि कार्बामेट गटासाठी उपयोगी आहे. सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइड औषधाने चेहऱ्याची आग होते, मुंग्या येतात, पण हा आकडा घसरत नाही. फिप्रोनीलच्या बाधेत झटके येऊ शकतात, तरी आकडा ठीक राहतो. पॅराक्वाट या तणनाशकाने तोंडात जखमा होतात आणि काही दिवसांनी फुफ्फुस निकामी होते. त्यावर उतारा नाही आणि तेही या तपासणीत दिसत नाही. म्हणून तपासणी 'ठीक' आली तरी रुग्णाला त्रास होत असेल तर त्रासावर विश्वास ठेवावा.

याच कारणाने डबा किंवा बाटली सोबत नेणे गरजेचे आहे. दुकानात वापरले जाणारे व्यापारी नाव डॉक्टरांच्या उपयोगाचे नसते. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेले मूळ रसायनाचे नाव आणि उतारा यांवरून उपचार ठरतो. टाकीत दोन-तीन औषधे मिसळली असतील तर सर्वांचे डबे न्यावेत. डबा धुतलेल्या प्लास्टिक पिशवीत बांधून न्यावा किंवा लेबलचा मोबाइलवर फोटो काढावा.

बाधा झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात

- रुग्णाला शेतातून बाहेर, मोकळ्या हवेत आणावे. सर्व कपडे, पट्टा आणि चपलाही काढाव्यात.
- साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे. केस, कानांमागे, नखे, काखा आणि जांघा विसरू नयेत. धुणाऱ्याने रबरी हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात, नाहीतर त्यालाही बाधा होते.
- डोळ्यांत औषध गेले असेल तर स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेने पंधरा मिनिटे धुवावेत.
- मीठपाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, चिंचेचे पाणी पाजू नये. त्याने उतारा पडत नाही. उलट ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.
- रुग्ण गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर झोपवून तोंडातील लाळ पुसत राहावे.
- 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. कोणते औषध घातक आहे आणि काय करावे याची माहिती दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राच्या 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर मिळते. डॉक्टर आणि परिचारिकाही तिथे विचारू शकतात.

रुग्णालयात ॲट्रोपीन दिले जाते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, छातीतील घरघर थांबेपर्यंत वाढवत नेतात. बाहुली मोठी झाली म्हणजे काम झाले असे नसते. परिचारिकेने दर काही मिनिटांनी छाती ऐकून सांगणे हेच इथले मुख्य मोजमाप आहे.

बरे वाटल्यावरचे चार दिवस

नातेवाइकांकडून सर्वांत जास्त चूक इथे होते. घाम आणि लाळ थांबली, रुग्ण बोलू लागला की "घरी नेतो" म्हणून आग्रह धरला जातो. पण ऑर्गनोफॉस्फरस बाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत काही रुग्णांच्या मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. यात घाम, लाळ काही नसते, त्यामुळे तो झोपला आहे असेच वाटते.

ही अवस्था ओळखण्याची सोपी चाचणी परिचारिका दर काही तासांनी करू शकते. उताणे झोपलेल्या रुग्णाला उशीवरून डोके उचलून काही सेकंद धरायला सांगावे. काल उचलत होता आणि आज उचलता येत नसेल तर डॉक्टरांना लगेच बोलवावे. दुसरी चाचणी म्हणजे एक मोठा श्वास घेऊन एका दमात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला सांगणे. सकाळी तीसपर्यंत जाणारा माणूस संध्याकाळी पंधरावर थांबत असेल, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. अशा रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच ठेवावे लागते. वेळेत श्वासाला आधार मिळाला तर यातून माणूस बरा होतो.

बाधा टाळण्यासाठी कुठे लक्ष द्यावे?

परिचारिका किंवा कृषी सहायक गावात बोलतात तेव्हा 'सुरक्षा किट वापरा' एवढे सांगून फारसा उपयोग होत नाही. तो जाड पोशाख उकाड्यात दोन तासही अंगावर राहत नाही, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून जिथे सर्वांत जास्त औषध अंगात जाते त्या जागा आधी बंद कराव्यात.

सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे औषध मोजून कालवण्याची. टाकीत ते पाण्याने पातळ झालेले असते, बाटलीत मात्र पूर्ण तीव्रतेचे असते. त्यामुळे दिवसभर नाही जमले तरी कालवताना नायट्राइल रबराचे हातमोजे आणि चष्मा घालावाच. कापडी किंवा चामडी हातमोजे औषध शोषून हाताला धरून ठेवतात, त्यापेक्षा ते नसलेले बरे. कालवायला काठी वापरावी.

दुसरी जागा पाठ. हंगामाआधी पंपात साधे पाणी भरून दहा मिनिटे पाठीवर घेऊन चालावे. सदरा ओला झाला तर झाकणाचा वायसर आणि नळीचा जोड बदलावा. पंप आणि पाठ यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा बांधला तरी फरक पडतो.

तिसरी गोष्ट वारा आणि उंची. वारा पाठीमागून किंवा बाजूने घ्यावा, तुषारातून पुढे चालत जाऊ नये. पीक छातीच्या वर गेले असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारणी टाळावी. यवतमाळच्या वर्षातून घ्यायचा हा सर्वांत थेट धडा आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तो औषध नाकाशी धरून ठेवतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

चौथी गोष्ट कपडे. फवारणी संपताच बांधावरच आंघोळ करून कपडे बदलावेत. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत. ते धुणाऱ्या घरातील बाईलाही बाधा होते, आणि ती फवारणी करत नसल्याने तिच्या डोकेदुखीचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. परिचारिकेने तपासणीला आलेल्या बायकांनाही हा प्रश्न विचारावा.

नोंदवहीत काय असावे?

यासाठी वेगळी छापील वही लागत नाही. उपकेंद्रात किंवा कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत एका माणसासाठी एक पान पुरते. वर पायाभूत आकडा, तारीख आणि प्रयोगशाळा. खाली प्रत्येक फवारणीची तारीख, मूळ रसायनाचे नाव, किती पंप मारले आणि त्या दिवशी काही त्रास झाला का. शेजारी त्यानंतरच्या तपासणीचा आकडा आणि पायाभूत आकड्याशी त्याची टक्केवारी. टक्केवारी काढायला आजचा आकडा पायाभूत आकड्याने भागून शंभराने गुणावे.

सगळ्या गावाची तपासणी परवडणार नाही. अशा वेळी मोलाने सलग फवारणी करणारे मजूर, औषधाच्या कारखान्यात काम करून शेतीही करणारे आणि मागच्या हंगामात त्रास झालेले, यांना आधी घ्यावे. शेतकऱ्याने स्वतः एवढे तरी करावे : पहिल्या फवारणीच्या आधी एकदा आणि हंगामाच्या मध्यावर एकदा, एकाच प्रयोगशाळेत सीरम कोलिनेस्टरेज तपासून दोन्ही कागद आरोग्य सेविकेकडे द्यावेत. नुसता दुसरा कागद पाहून फारसे काही कळत नाही. पहिल्याशेजारी ठेवला की कळते.